मुलांच्या वजनाला मोठ्यांचे माप

युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातील एका निष्कर्षाची जगभर चर्चा झाली. ५ ते १९ या वयोगटात स्थूल मुलांचे प्रमाण कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा प्रथमच अधिक झाले: स्थूल ९.४ टक्के आणि कमी वजनाची ९.२ टक्के. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे खाद्यपेयांतील साखरेची माहिती देणारे फलक, लावण्याची सूचना केली. मुलांच्या वजनाचा प्रश्न आता शाळेच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचला आहे. शाळांमधून वजन-उंची मोजण्याचे कार्यक्रम होत आहेत आणि पालकांच्या हाती आरोग्यपत्रिका येत आहेत.

या धावपळीत एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. मूल स्थूल की कृश, हे ठरवायचे कोणत्या मापाने? बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असते: बीएमआय, म्हणजेच शरीर वस्तुमान निर्देशांक. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, १८.५ च्या खाली आले तर कृश, २५ पर्यंत योग्य, २५ च्या पुढे अतिवजन आणि ३० च्या पुढे स्थूल. भारतीय प्रौढांसाठी आपले वैद्यकतज्ज्ञ २३ पासूनच अतिवजन मानतात. औषधाच्या दुकानातील वजनयंत्रावर, मोबाइलमधील गणकावर आणि व्यायामशाळेतील तक्त्यावर हेच आकडे असतात. गणिताचे हे सूत्र मुलांसाठीही तेच आहे. चूक होते ती उत्तर वाचताना. १८.५, २५ आणि ३० या सीमा वाढ पूर्ण झालेल्या माणसासाठी आहेत. वाढत्या मुलाला त्या लावल्या, तर थोडीफार गफलत होऊन भागत नाही; निष्कर्ष चक्क उलटा निघतो.

एका वर्गातील दोन मुले

उदाहरण कल्पित आहे, मात्र त्यातील मोजमापे कोणत्याही प्राथमिक शाळेत आढळतील अशीच आहेत. तिसरीच्या वर्गात आरोग्य तपासणी चालू आहे. एका मुलीला नुकतीच आठ वर्षे पूर्ण झाली आहेत. तिची उंची १२५ सेंटिमीटर आणि वजन २४ किलो. १.२५ चा वर्ग १.५६, त्याने २४ ला भागले की निर्देशांक येतो १५.४. तिच्याच वयाचा एक मुलगा उंचीने १२८ सेंटिमीटर आणि वजनाने ३३ किलो आहे. त्याचा निर्देशांक २०.१.

मोठ्यांचा तक्ता समोर ठेवून शिक्षक पत्रिका भरू लागले तर काय लिहितील? मुलीच्या नावापुढे ‘अतिकृश’ असा शेरा पडेल, कारण प्रौढात १६ च्या खालचा निर्देशांक तीव्र कृशतेचे लक्षण मानला जातो. मुलाच्या नावापुढे ‘योग्य’ असे लिहिले जाईल, २०.१ हा आकडा १८.५ आणि २३ यांच्या अगदी मधोमध आहे. मुलीची आई घाबरून दूध-तूप वाढवील, भूक लागण्याची औषधे विचारील. मुलाच्या घरी समाधान असेल. आपल्याकडे तसेही अशा मुलाला ‘अंगाने भरलेला’, ‘खात्यापित्या घरचा’ म्हटले जाते.

आता तीच मोजमापे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या, ५ ते १९ वयोगटासाठी असलेल्या तक्त्यात पाहू. आठ वर्षांच्या मुलींचा मध्यांक १५.७ आहे. म्हणजे ही मुलगी आपल्या वयाच्या मुलींच्या रांगेत जवळजवळ मधोमध, किंचित अलीकडे उभी आहे. तिच्या वजनाबाबत काळजी करण्यासारखे काहीही नाही. आठ वर्षांच्या मुलग्यांसाठी अतिवजनाची सीमा १७.४ आणि स्थूलतेची १९.७ आहे. २०.१ वर असलेला मुलगा स्थूल गटात मोडतो. ज्याला लक्षाची गरज होती त्याला ‘योग्य’ म्हटले गेले आणि जी ठीक होती तिला आजारी ठरवले गेले.

निर्देशांक वयाबरोबर का हलतो

याचे कारण शरीराच्या वाढीत आहे. प्रौढाची उंची स्थिर असते. वजन बदलले तरच निर्देशांक बदलतो. मुलाचे वजन आणि उंची दोन्ही बदलत असतात आणि त्यांचा वेग सारखा नसतो. जन्मानंतर बाळ अंग धरू लागते, तेव्हा निर्देशांक वेगाने चढतो आणि पहिल्या वर्षातच सुमारे १७ पर्यंत जातो. मग मूल उभे राहते, चालते, धावते. उंची पुढे जाते आणि बाळसे उतरते. निर्देशांक हळूहळू घसरत पाच-सहा वर्षांच्या सुमारास १५.३ च्या आसपास तळ गाठतो. तेथून तो पुन्हा चढू लागतो. किशोरवयात चढ वाढतो, आणि एकोणिसाव्या वर्षी मध्यांक मुलग्यांत २२.२, तर मुलींत २१.४ होतो.

हा सगळा प्रवास निरोगी मुलाचा आहे. पाच-सहा वर्षांचे मूल बरगड्या दिसण्याइतके सडपातळ असणे हा त्याच्या वयाचा धर्म आहे. ‘खाल्लेले अंगाला लागत नाही’ ही तक्रार याच वयात सर्वाधिक ऐकू येते, हा योगायोग नव्हे. आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर त्यांचेच गुबगुबीत बाळ असते आणि ते कोठे हरवले असे त्यांना वाटते. ते हरवलेले नसते, उंचीत गेलेले असते.

त्यामुळे १८.५ हा एकच आकडा निरनिराळ्या वयांत निरनिराळे सांगतो. सहा वर्षांच्या मुलग्यात तो स्थूलतेची सीमा आहे. दहा वर्षांच्या मुलग्यात अतिवजनाची सीमा आहे. तेरा वर्षांच्या मुलग्यात तो मध्यांकाच्या जवळपास, अगदी सर्वसाधारण आहे. आणि प्रौढात तो कृशतेची रेषा आहे. वय आणि लिंग सांगितल्याशिवाय मुलाच्या निर्देशांकाला अर्थच नसतो.

पर्सेंटाईल म्हणजे गुण नव्हेत

वयानुसार तुलना करण्याचे साधन म्हणजे पर्सेंटाईल. त्यामागील कल्पना सोपी आहे. एकाच वयाची, एकाच लिंगाची शंभर मुले निर्देशांकाच्या चढत्या क्रमाने रांगेत उभी केली, तर आपले मूल कितव्या जागी येईल, एवढेच तो सांगतो. पंचाहत्तरावा पर्सेंटाईल म्हणजे शंभरातील सुमारे पंचाहत्तर मुलांचा निर्देशांक आपल्या मुलापेक्षा कमी आहे. प्रत्येक वयासाठी अशा रांगा मांडून त्यांतील समान जागा रेषेने जोडल्या की वाढीचा आलेख तयार होतो. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर निर्देशांक, आणि मध्ये डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या काही वळणदार रेषा.

येथे पालकांचा एक गैरसमज सहज होतो. परीक्षेच्या सवयीमुळे नव्वदावा पर्सेंटाईल म्हणजे उत्तम आणि तिसावा म्हणजे नापास असे वाटते. वाढीच्या आलेखात वरची जागा मिळवायची नसते. दहावा असो, पन्नासावा असो की सत्तरावा, मूल आपल्या रेषेजवळून चालत असेल तर ते निरोगी असू शकते. पन्नासावा हे उद्दिष्ट नव्हे, ती फक्त मधली जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक तर्कशुद्ध आहे. पंच्याऐंशीव्या पर्सेंटाईलच्या वरचे अतिवजनी मानले, तर प्रत्येक काळी पंधरा टक्के मुले अतिवजनीच ठरणार नाहीत का? ठरली असती, जर तुलना आजच्या वर्गमित्रांशी असती. परंतु तुलना असते ती एका ठरावीक, पूर्वी मोजलेल्या समूहाशी. जागतिक आरोग्य संघटनेचा ५ ते १९ वर्षांचा आलेख १९७७ च्या अमेरिकी आकडेवारीची नव्याने मांडणी करून आणि तिला लहान मुलांच्या मानकांशी जुळवून तयार केला गेला. आजच्या वर्गातील अर्धी मुले जाड झाली तरी ती रेषा वर सरकत नाही. म्हणून तर वाढते प्रमाण मोजता येते. पाच वर्षांखालील मुलांचे मानक वेगळे आहे. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत, स्तनपान मिळालेल्या आणि चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांच्या मोजमापांवरून ते २००६ मध्ये सिद्ध झाले. त्यातील भारतीय मुले दक्षिण दिल्लीतील होती.

मग मोठ्यांच्या सीमांचे काय? त्या रद्द होत नाहीत. त्या मुलांच्या रेषांचे शेवटचे टोक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखात अतिवजनाची रेषा एकोणिसाव्या वर्षी मुलींत २५.० आणि मुलग्यांत २५.४ वर पोहोचते, स्थूलतेची रेषा दोघांतही २९.७ वर. जेथे मुलांचा रस्ता संपतो, तेथेच मोठ्यांचे २५ आणि ३० सुरू होतात. आठ वर्षांच्या मुलाला २५ ची सीमा लावणे म्हणजे अकरा वर्षे पुढची पाटी आज वाचण्यासारखे आहे.

तीन वर्षांची रेषा

आपल्या उदाहरणातील मुलाकडे परत जाऊ. समजा त्याच्या पत्रिकेत मागील तीन वर्षांच्याही नोंदी आहेत. पाच वर्षे पूर्ण झाली तेव्हा उंची ११० सेंटिमीटर, वजन १९.५ किलो, निर्देशांक १६.१. सहाव्या वर्षी ११६ सेंटिमीटर, २३ किलो, निर्देशांक १७.१. सातव्या वर्षी १२२ सेंटिमीटर, २७.५ किलो, निर्देशांक १८.४८. आणि आठव्या वर्षी २०.१.

मोठ्यांच्या तक्त्यात ही कहाणी अशी दिसते: पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वर्षी मूल कृश होते, कारण तिन्ही आकडे १८.५ च्या खाली आहेत. आठव्या वर्षी ते ‘योग्य’ वजनाला आले. खुराक लागू पडला म्हणून घरात आनंद होईल.

वयाच्या आलेखात तीच कहाणी वेगळी आहे. पाचव्या वर्षी मूल पंचाहत्तराव्या पर्सेंटाईलच्या आसपास, म्हणजे भरलेले पण ठीक होते. सहाव्या वर्षी १६.८ ची अतिवजनाची रेषा त्याने ओलांडली. सातव्या वर्षी ते पंच्याण्णवाव्या पर्सेंटाईलच्या परिसरात पोहोचले आणि आठव्या वर्षी सत्त्याण्णवाव्याच्याही वर गेले. पाच ते आठ या काळात मुलग्यांचा मध्यांक १५.३ वरून केवळ १५.७ वर जातो. या मुलाचा निर्देशांक चार अंकांनी चढला. मध्यावरचा मुलगा या तीन वर्षांत साधारण सात किलो वाढतो. याने साडेतेरा किलो वाढवले. प्रत्येक वर्षी एक-एक रेषा ओलांडली जात होती आणि प्रत्येक वर्षी चुकीचा तक्ता ‘अजून खाऊ घाला’ असे सुचवीत होता.

या वयातील चढ विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. निर्देशांक तळाला जाऊन पुन्हा वर वळण्याच्या घटनेला ‘मेदवृद्धीचे पुनरागमन’ म्हणता येईल. ते सामान्यतः सहा वर्षांच्या आगेमागे घडते. फ्रेंच संशोधिका मारी-फ्रान्स्वाझ रोलाँ-काशेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, ज्या मुलांत हे वळण लवकर येते, त्यांच्यात पुढे स्थूलतेची शक्यता अधिक असते. ज्या वर्षांत रेषा जवळजवळ सपाट राहावयास हवी, त्याच वर्षांत ती चढत असेल, तर तो इशारा असतो. तो ऐकू येण्यासाठी मात्र एक मोजमाप पुरत नाही, मोजमापांची मालिका लागते. आलेखाचा खरा उपयोग एका बिंदूत नाही, त्या बिंदूंच्या दिशेत आहे.

रेषा पाहण्याचा आणखी एक लाभ उपायांच्या बाबतीत होतो. मूल स्थूल आहे असे कळताच पालक त्याचे वजन उतरवण्याच्या मागे लागतात, जेवण तोडतात. वाढत्या वयात अनेकदा त्याची गरज नसते. समजा या मुलाचे वजन वर्षभर ३३ किलोवरच राहिले आणि उंची नेहमीच्या गतीने सहा सेंटिमीटर वाढून १३४ झाली, तर नवव्या वर्षी निर्देशांक १८.४ होईल. नऊ वर्षांच्या मुलग्यांसाठी अतिवजनाची सीमा १७.९ आणि स्थूलतेची २०.५ आहे. एक किलोही न उतरवता तो स्थूल गटातून बाहेर येईल. प्रौढाला ही सवलत नाही. मुलाला उंची साथ देते. कोणत्या मुलाला वजन स्थिर ठेवणे पुरे आणि कोणाला अधिक उपचार हवेत, हे बालरोगतज्ज्ञाने ठरवावे. पण ते ठरवण्यासाठीसुद्धा आधी योग्य आलेख लागतो.

कोणता आलेख वापरावा

पाच वर्षांपर्यंत भारतात जागतिक आरोग्य संघटनेचेच मानक वापरले जाते. अंगणवाड्यांतील नोंदीही त्यावर आधारलेल्या आहेत. पाच ते अठरा वर्षांसाठी मात्र भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१५ मध्ये स्वतंत्र भारतीय आलेख प्रसिद्ध केले. त्यामागे पुण्याचे डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्यासारख्या तज्ज्ञांचे काम आहे. अनेक शहरांतील मुलांच्या मोजमापांतून हे आलेख तयार झाले. त्यात एक वेगळेपण आहे. अतिवजनाची आणि स्थूलतेची रेषा पर्सेंटाईलच्या क्रमांकाने न ओळखता, प्रौढ वयात ती कोठे पोहोचते त्यावरून ओळखली जाते: एक २३ ला, दुसरी २७ ला. आपल्या प्रौढांत धोका २३ पासून सुरू होतो, तर मुलांची रेषाही तेथेच जाऊन मिळाली पाहिजे, हा त्यामागील विचार.

हा फरक निव्वळ स्वाभिमानाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील गावांमध्ये केलेल्या प्रदीर्घ अभ्यासातून दाखवले की, भारतीय नवजात बालके वजनाने लहान असूनही त्यांच्या अंगी स्नायूंच्या तुलनेत चरबी अधिक असते. दिसायला सडपातळ, पण आतून मेदयुक्त. अशा शरीरात पाश्चात्त्य रेषेपेक्षा खालच्या पातळीवरच मधुमेहाचा धोका वाढू लागतो. म्हणून एखादे मूल जागतिक आलेखात ‘योग्य’ आणि भारतीय आलेखात ‘अतिवजन’ असे येऊ शकते. त्यात विसंगती नाही. दुसरी रेषा लवकर सावध करण्यासाठी आखलेली आहे. एक पथ्य मात्र पाळावे: एकाच मुलाच्या नोंदी दर वर्षी वेगवेगळ्या आलेखांवर घेऊ नयेत. तसे केल्यास मूल बदलले की आलेख, हेच कळत नाही.

जेथे गफलत होते

मोजमाप साधे वाटते, पण चूक तेथेच शिरते. सूत्रात उंचीचा वर्ग असल्याने उंचीतील चूक दुप्पट बोलते. आपल्या मुलाची खरी उंची १२५ सेंटिमीटर असती आणि बुटांसह ती १२८ नोंदली गेली असती, तर २१.१ चा निर्देशांक २०.१ दिसला असता, म्हणजे एक पूर्ण अंक नाहीसा. मुलींचा अंबाडा किंवा वर बांधलेली वेणीही हेच करते. बूट काढून, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उंची घ्यावी. वजन दप्तर आणि बूट उतरवून.

वयाचीही एक आपली गोम आहे. ‘आठवे चालू आहे’ असे आपण सहज म्हणतो. त्याचा अर्थ सात पूर्ण झालेली असतात. आलेख पूर्ण वर्षे आणि महिने मागतो. पत्रिकेत ‘आठ’ लिहिले की सात वर्षे एक महिन्याचे मूल आणि आठ वर्षे अकरा महिन्यांचे मूल एकाच रांगेत उभे राहते. जन्मतारीख आणि मोजल्याची तारीख या दोन्ही लिहिल्या की हा प्रश्नच उरत नाही.

काही मर्यादा मात्र मापाच्याच आहेत. निर्देशांक चरबी आणि स्नायू यांत भेद करीत नाही. पोहणाऱ्या किंवा कुस्ती खेळणाऱ्या किशोराचा आकडा स्नायूंमुळे वर जाऊ शकतो. वयात येण्याची वेळ प्रत्येकाची निराळी. लवकर वयात आलेली अकरा वर्षांची मुलगी आपल्या वयाच्या रांगेत जड दिसते. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे का, हे पाहिल्यास पोटावरील चरबीचा अंदाज येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उंचीचा आलेख शेजारी हवाच. दीर्घकाळ कुपोषित राहिलेल्या मुलाची उंचीच खुंटते. वजन आणि उंची दोन्ही कमी असल्याने त्याचा निर्देशांक अगदी योग्य येऊ शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातही पाच वर्षांखालील सुमारे एक चतुर्थांश मुले उंचीने खुरटलेली आढळली होती. सुस्थित समजल्या जाणाऱ्या राज्यात जाडीबरोबर खुरटणेही आहे, आणि केवळ निर्देशांक पाहणारा दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो.

आकडेवारीतील तीच गल्लत

चूक केवळ शाळेच्या पत्रिकेत होते असे नाही. याच राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे पोषण एकाच प्रौढ मापाने, १८.५ च्या सीमेने, मोजले जाते. त्यात १५ ते १९ वयाच्या सुमारे ४० टक्के मुली कृश ठरल्या. आकडा धक्कादायक आहे आणि तो भाषणांतून फिरतो. परंतु १५५ सेंटिमीटर उंचीची, ४१ किलो वजनाची पंधरा वर्षांची मुलगी घ्या. तिचा निर्देशांक १७.१. प्रौढ मापाने ती कृश. वयाच्या मापाने कृशतेची सीमा पंधराव्या वर्षी १५.९ आहे, ती सीमेच्या वर, मध्यांकाच्या मात्र बरीच खाली आहे. तिच्यावर लक्ष ठेवावे हे योग्य, तिला कुपोषितांत मोजावे का, हा वेगळा प्रश्न.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जागतिक आलेखाची कृशतेची रेषा एकोणिसाव्या वर्षी १६.५ वर संपते, तर प्रौढांची सीमा १८.५ पासून लागते. अतिवजनाच्या बाजूला दोन्ही मापे जुळतात, कृशतेच्या बाजूला जुळत नाहीत. परिणामी १७.५ निर्देशांकाची तरुणी एका वाढदिवसापूर्वी ‘योग्य’ आणि नंतर ‘कृश’ ठरते. तिच्या शरीरात रातोरात काहीच घडलेले नसते. म्हणून किशोरींच्या कुपोषणाचा आकडा वाचताना तो कोणत्या मापाने काढला, हे आधी विचारावे. २०१६-१८ च्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणाने १० ते १९ वयोगटासाठी वयाचेच माप वापरले. त्यात देशातील २४ टक्के किशोरवयीन कृश आणि सुमारे ५ टक्के अतिवजनी आढळले. ही आकडेवारी मुलगे-मुली दोघांची आणि वेगळ्या वयोगटाची असल्याने तिची आधीच्या आकड्याशी थेट तुलना करता येत नाही, मात्र मुलांना मुलांचे माप लावता येते हे तिने दाखवले.

शाळांनी करावयाचे

शाळांमधील तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकट २०१३ पासून आहे. वजनकाटे आहेत, पत्रिका आहेत, मोजणारी माणसेही आहेत. उरते ते पत्रिकेतील एक पान बदलणे. ‘बीएमआय’ आणि ‘शेरा’ अशा दोन रकान्यांऐवजी मुलग्यांसाठी एक आणि मुलींसाठी एक छापील आलेख असावा, त्याच्या शेजारी उंचीचा आलेख असावा, आणि दर वर्षीचा बिंदू त्याच पानावर पडावा. पहिलीतला बिंदू दहावीपर्यंत सोबत यावा. शाळा बदलली तरी पान मुलाबरोबर जावे. शेरा लिहावयाचाच असेल तर तो ‘अतिकृश’ किंवा ‘स्थूल’ असा वर्गासमोर वाचून दाखवण्याजोगा नसावा. ‘रेषा ओलांडली आहे, डॉक्टरांना दाखवावे’ एवढे पुरे.

पालकांसाठी कसोटी याहून सोपी आहे. एखादे यंत्र, मोबाइलमधील गणक किंवा पत्रिका मुलाचे वय आणि ते मुलगा की मुलगी हे न विचारता निकाल देत असेल, तर तो निकाल मुलाचा नाही. तो त्याच उंचीच्या आणि वजनाच्या एखाद्या प्रौढाचा आहे, आणि १२८ सेंटिमीटर उंचीचा असा प्रौढ घरात सहसा नसतो.